लेन्स घातल्यावर डोळे खाजतात? आधी सांगा: रुततं, चुरचुरतं, झोंबतं की खाजतं?

पावसाळा संपून रस्ते कोरडे पडले की माझ्या तपासणीच्या खुर्चीत एक तक्रार पुन्हा पुन्हा येऊन बसते. "ताई, सकाळी काही नसतं. संध्याकाळी मात्र डोळे इतके खाजतात की लेन्स काढून फेकून द्यावीशी वाटते." नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हे चालतं. पणजीत रस्ते खोदलेले असतात, पर्वरीला उड्डाणपुलाचं काम असतं, डिचोलीच्या बाजूला खनिजाचे ट्रक असतात, आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा खाली बसलेली धूळ पुन्हा उठवतो. त्यामुळे येणारा प्रत्येक जण कारण आपल्याबरोबरच घेऊन येतो: धूळ.

धूळ असतेच. पण तेवढ्यावर थांबलो तर उपाय चुकतो, आणि पुढच्या आठवड्यात तीच व्यक्ती तीच तक्रार घेऊन परत येते. म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारते. डोळ्याला नेमकं काय होतं? मराठीत यासाठी चार वेगळे शब्द आहेत, आणि बहुतेक वेळा त्या चार शब्दांमागे चार वेगळी कारणं निघतात. आपण मात्र घाईत सगळ्यालाच खाज म्हणतो.

रुततं, म्हणजे पापणी मिटली की एका ठिकाणी टोचतं. ही खरी धूळ: तांबड्या मातीचा, सिमेंटचा किंवा खनिजाचा कण. बहुतेक वेळा एकाच डोळ्यात, आणि अचानक.

चुरचुरतं, म्हणजे डोळा कोरडा आणि गरम वाटतो. हे धुराचं, एसीचं आणि स्क्रीनचं काम. गाड्यांचा धूर आणि जाळलेल्या पाचोळ्याचा धूर यांचे कण इतके बारीक असतात की ते टोचल्याचं कळतच नाही. ते अश्रूंचा पातळ थर बिघडवतात, मग लेन्स सुकते आणि सुकलेल्या लेन्सला पुढचे कण आणखी चिकटतात.

झोंबतं, तेही लेन्स घातल्या घातल्या, पहिल्या मिनिटातच. इथे हवेचा संबंध क्वचितच असतो. बोटाला साबण, क्रीम, खोबरेल किंवा सकाळी चिरलेली मिरची लागलेली असते, नाहीतर सोल्युशन डोळ्याला मानवत नसतं.

आणि खाजतं, म्हणजे चोळल्याशिवाय राहवत नाही, विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यात, आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत. ही अ‍ॅलर्जी. परागकण, घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशीचे बीजाणू किंवा लेन्सवरच साचलेला थर, यांपैकी काहीतरी डोळ्याच्या आतल्या त्वचेला सहन होत नाही. तिथल्या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर पडतं. चोळलं की त्या पेशींवर दाब येतो आणि आणखी हिस्टामिन सुटतं. चोळल्यावर दोन क्षण बरं वाटतं आणि मग खाज दुप्पट होऊन येते, ती यामुळेच.

एकाच माणसाला यातल्या दोन गोष्टी एकदम होऊ शकतात. त्या सोडवायच्या कशा, हे एका मुलीच्या गोष्टीवरून सांगते.

अस्नोड्याची मुलगी

वय २७. अस्नोड्याला घर, मागे काजूची बाग, नोकरी पणजीत. रोज स्कूटरवरून म्हापसा, गिरी, पर्वरी करत पणजी. महिनाभराच्या सॉफ्ट लेन्स, सकाळी साडेसातला घालायची आणि रात्री नऊला काढायची. ती माझ्याकडे जानेवारीच्या शेवटी आली तेव्हा या तक्रारीचं तिसरं वर्ष होतं. तोवर तिने दोनदा सोल्युशन बदललं होतं, एकदा लेन्सची कंपनी बदलली होती आणि फार्मसीतून 'डोळे लाल होतात' असं सांगून थेंब आणले होते. बरोबर आई होती. त्यांची खात्री होती की सगळं काजूच्या मोहोरामुळे होतं.

मी तिला लगेच काही दिलं नाही. तीन दिवस एका कागदावर दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: त्रास किती वाजता सुरू होतो, आणि लेन्स काढल्यावर पुढच्या अर्ध्या तासात काय होतं. ही दुसरी नोंद मला फार मोलाची वाटते. लेन्स काढून दहा-पंधरा मिनिटांत आराम पडला, तर कोरडेपणा किंवा लेन्समागे अडकलेला कण असण्याची शक्यता जास्त. काढल्यावरही खाज तशीच तासन्‌तास राहिली, तर हवेतली अ‍ॅलर्जी. आणि काढल्यावर खाज उलट वाढली, तर वरच्या पापणीच्या आतली बाजू बघायलाच हवी.

तिच्या कागदावर तिन्ही दिवस एकसारखंच होतं. सकाळी नऊच्या सुमारास, ऑफिसात पोचल्यावर, उजव्या डोळ्यात रुतणं. दुपारी तीननंतर चुरचुर. रात्री नऊला लेन्स काढल्यावर मात्र अशी खाज की आई हात धरून ठेवायची. खाली तिने स्वतःहून आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या: "सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा चिकट तार निघतो. लेन्स पापणी मिटली की वर सरकते."

त्या दोन ओळी वाचल्यावर मला पुढचं बरंचसं कळलं. स्लिट लॅम्पखाली वरची पापणी उलटून पाहिली. निरोगी पापणीची आतली बाजू गुळगुळीत, फिकट गुलाबी असते. तिच्या पापणीवर भिजवलेल्या साबुदाण्याच्या लहानशा दाण्यांसारखे उंचवटे एकमेकांना लागून बसले होते आणि त्यांच्या फटींत चिकट स्राव होता. लेन्सवर पडद्यासारखा धुरकट थर होता. उजव्या बुबुळावर पिवळा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं, तर दोन बारीक उभे ओरखडे हिरवे चमकले. पापणीच्या उघडझापीबरोबर लेन्समागचा कण वर-खाली घासला गेला की असेच उभे ओरखडे उठतात.

म्हणजे रुतणं खरं होतं, चुरचुर खरी होती आणि खाजही खरी होती. फक्त तिन्हींचं कारण एक नव्हतं.

लेन्सवर साचतं काय

सॉफ्ट लेन्स पाणी धरून ठेवते, आणि पाण्याबरोबर अश्रूंतली प्रथिनं आणि स्निग्ध द्रव्यंही तिच्यावर चिकटतात. पहिल्या दिवशी हा थर नगण्य असतो, पण दिवसेंदिवस वाढत जातो. हवेतले परागकण, धूर, धूळ या थराला लागून राहतात. मोकळ्या डोळ्यात परागकण पडला तर अश्रू त्याला काही मिनिटांत वाहून नेतात. लेन्सवर तो दिवसभर बसतो, आणि वरची पापणी दर मिनिटाला दहा-पंधरा वेळा त्याच्यावरून घासत जाते. पापणीवरचे दाणे या घर्षणातून आणि अ‍ॅलर्जीतून येतात. लेन्स घातलेली असताना खाज थोडी दबलेली राहते. ती काढली की सुजलेली पापणी थेट बुबुळावर घासते आणि खाज उसळते.

त्या मुलीच्या बाबतीत हा थर इतका का साचला, तर तीन कारणांनी. महिनाभराची लेन्स ती पाच-सहा आठवडे चालवत होती, कारण "तोपर्यंत चांगली दिसते". बाटलीवर 'न चोळता' असं लिहिलेलं असल्यामुळे ती लेन्स नुसती बुडवून ठेवायची. आणि डबीतलं जुनं सोल्युशन न ओतता त्यावरच नवीन भर घालायची. डबी आठ महिन्यांची होती.

काजूच्या मोहोराबद्दल आईंना मी जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण गोव्यात हा समज घरोघर आहे. काजू आणि आंबा यांचे परागकण जड आणि चिकट असतात, ते मुख्यतः किड्या-माश्यांबरोबर फिरतात. बाग अगदी खिडकीला लागून असेल तर थोडा त्रास होऊ शकतो, पण हवेतून लांबवर जाणारे परागकण वेगळे: पावसाळ्यानंतर फुलोऱ्यावर येणारी गवतं, किनाऱ्यावरची सुरूची झाडं, नारळ, आणि खाणींच्या ढिगाऱ्यांवर व उघड्या डोंगरांवर लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशिया. मोहोर डोळ्यांना दिसतो आणि वासही येतो, म्हणून दोष त्याला मिळतो. गवताचा फुलोरा कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाटेत त्रास झाला तर

पर्वरीच्या चढावर स्कूटर चालवताना डोळ्यात कण गेला, तर स्वाभाविकपणे हात डोळ्याकडे जातो. तो आवरायचा. गाडी बाजूला घ्यायची. लेन्सवर चालणारे, प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे दोन थेंब घालायचे आणि न चोळता दहा-बारा वेळा पापण्या मिटायच्या. या थेंबांच्या छोट्या एकदाच वापरायच्या कुप्या मिळतात, त्या पर्समध्ये किंवा डिकीत ठेवायला सोयीच्या. डिकीत मात्र दुपारी उन्हात राहू देऊ नका.

त्यानंतरही रुतत असेल तर लेन्स काढायलाच हवी. आधी हात साबणाने धुवा आणि धागे न सुटणाऱ्या रुमालाने किंवा कागदाने कोरडे करा. लेन्स तळहातावर घेऊन सोल्युशनने दोन्ही बाजूंनी चोळा, धुवा आणि उजेडाकडे धरून कड बघा. कड फाटलेली असेल तर ती लेन्स संपली. कड शाबूत असेल आणि लेन्सशिवाय डोळा पूर्ण शांत असेल, तरच परत घाला. लेन्स काढल्यावरही टोचत असेल तर त्या दिवशी लेन्स नाही, चष्मा. यासाठी चालू नंबरचा चष्मा कायम जवळ हवा. कित्येकांकडे चष्मा असतो, पण पाच वर्षांपूर्वीच्या नंबरचा, आणि म्हणूनच ते दुखऱ्या डोळ्यात लेन्स रेटून घालतात.

लेन्स घातलेली असताना डोळ्यांवर पाणी मारायचं नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण आपल्याकडे डोळे खाजले की नळावर जायची सवय आहे, आणि गावांत घरच्या विहिरीचं पाणी अजून वापरात आहे. नळ, विहीर, नदी, समुद्र, सगळ्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून बुबुळावर जखम करतो आणि ती जखम बरी व्हायला महिने लागतात, कधी नजरही जाते. गुलाबपाणीही नको. ते निर्जंतुक नसतं.

हेल्मेटची काच खाली ठेवा. गरमीमुळे आणि घामामुळे बरेच जण ती वर करून चालवतात आणि मग सगळी धूळ थेट डोळ्यांत. काच ओरखडलेली असेल आणि रात्री दिसत नसेल तर काच बदला, ती स्वस्तात मिळते. कडेने डोळ्यांना लागून बसणारा साधा, बिननंबरी चष्मा लेन्सवर घातला तर आणखी चांगलं. त्या मुलीच्या उजव्या डोळ्यात सकाळी नऊला रुतायचं त्याचं उत्तर एवढंच निघालं: काच अर्धी वर असायची आणि उजव्या बाजूने ट्रक जायचे.

थेंब कोणते, आणि कधी

तिने फार्मसीतून आणलेले थेंब लाली घालवणारे होते. ते डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून अर्ध्या तासात डोळा पांढरा दिसतो. औषधाचा अंमल उतरला की लाली जास्त होऊन परतते, मग आणखी थेंब, असं चक्र लागतं. खाजेचं मूळ त्याने हलत नाही.

त्याहून मला भीती वाटते ती स्टेरॉइडच्या थेंबांची. मावसबहिणीला डॉक्टरांनी दिलेली उरलेली बाटली तिने मागच्या वर्षी पंधरा दिवस वापरली होती. स्टेरॉइडने खाज झटक्यात जाते, म्हणून ते हवेसे वाटतात. पण काहींच्या डोळ्यांत त्याने दाब वाढतो, आणि तो वाढलेला दाब दुखत नाही, कळत नाही. दीर्घ वापराने मोतीबिंदूही होतो. लेन्स घालणाऱ्याच्या डोळ्यात जंतुसंसर्ग असेल तर स्टेरॉइड तो झाकून ठेवतं आणि वाढू देतं. तिचा दाब मी मुद्दाम मोजला. तो ठीक निघाला.

अ‍ॅलर्जीसाठी नेत्रतज्ज्ञ बहुधा ओलोपॅटाडिन किंवा किटोटिफेन देतात. ही औषधं हिस्टामिनचा परिणाम रोखतात आणि त्या पेशींना फुटूही देत नाहीत. तिला नेत्रतज्ज्ञांनी ०.१ टक्के ओलोपॅटाडिन दिवसातून दोनदा दिलं. यात लेन्स घालणाऱ्यांची एक चूक ठरलेली असते: थेंब लेन्सवरच घालणं. या बाटल्यांत बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्वेटिव्ह असतं. सॉफ्ट लेन्स ते शोषते आणि दिवसभर थोडं थोडं डोळ्यात सोडत राहते, मग औषधानेच चुरचुरतं. थेंब आधी, मग निदान पंधरा मिनिटं थांबायचं, मग लेन्स. सव्वासातला थेंब, साडेसातला लेन्स. संध्याकाळचा थेंब लेन्स काढल्यावर.

काही जण सर्दीच्या अ‍ॅलर्जीसाठी सेटिरिझिनसारखी गोळी घेतात. नाक थांबतं, पण अश्रूही कमी होऊ शकतात आणि लेन्स आणखी सुकते. गोळी चालू केल्यापासून लेन्सचा त्रास वाढला असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

औषधाशिवाय सगळ्यांत लवकर आराम देतो तो थंड शेक. लेन्स काढा, स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळा किंवा रुमाल फ्रिजमधल्या पाण्यात बुडवून पिळा, आणि मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि खाजेची संवेदना बोथट होते. रात्री नऊ वाजता तिचे हात डोळ्यांकडे जायचे, त्या जागी हा शेक ठेवला. सतत चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडून केराटोकोनस नावाचा आजार होण्याचा धोका वाढतो, म्हणून हात थांबवणं हाही उपचारच आहे.

लेन्स परत कधी

तिला तीन आठवडे लेन्स पूर्ण बंद ठेवावी लागली. तिला ते जड गेलं, कारण लांबच्या मावसभावाचं लग्न त्याच काळात होतं. पण दाणे असलेल्या पापणीखाली लेन्स घालत राहिलं तर औषध आणि घर्षण यांची ओढाताण चालते आणि घर्षण जिंकतं. तिची खाज साधारण दहा दिवसांत उतरली. दाणे मात्र सावकाश जातात, त्यांना महिने लागू शकतात. म्हणून खाज गेली म्हणजे पापणी बरी झाली असं धरू नका. पापणी पुन्हा उलटून बघून घ्या.

त्यानंतर तिला रोज नवीन घालून रात्री टाकून द्यायच्या लेन्स दिल्या. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसासाठी माझी पहिली पसंती हीच. थर साचायला दिवसच मिळत नाही, सोल्युशन लागत नाही, डबी लागत नाही. खर्च जास्त येतो हे खरं आहे, म्हणून आम्ही मधला मार्ग काढला: पणजीला जायचं त्या दिवशी रोजची लेन्स, घरी आणि रविवारी चष्मा. फक्त एक गोष्ट तिच्याकडून कबूल करून घेतली. रोजची लेन्स रात्री डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी घालायची नाही. ती तशा वापरासाठी बनवलेली नसते.

महिन्याच्याच लेन्स परवडत असतील, तर त्या नीट धुवा. सोल्युशनचे काही थेंब टाकून तळहातावर बोटाने प्रत्येक बाजू वीसेक सेकंद चोळा, बाटलीवर काहीही लिहिलेलं असलं तरी. मग सोल्युशनने धुवून ताज्या सोल्युशनमध्ये ठेवा. सकाळी डबीतलं सगळं सोल्युशन ओतून टाका, डबी सोल्युशननेच खळबळा, स्वच्छ कागदाने पुसा आणि झाकणं काढून पालथी ठेवा. डबी दर एक ते तीन महिन्यांनी बदला. लेन्स उघडल्याची तारीख डबीवर किंवा कॅलेंडरवर लिहा, कारण 'चांगली दिसते' हा निकष साचलेल्या थराला लागू पडत नाही.

झोंबण्याची तक्रार हात नीट धुऊनही राहिली, तर सोल्युशन बदलून बघायचं. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत मिळाली तर तिच्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं. ती सोबत दिलेल्या खास डबीतच वापरायची, पूर्ण सहा तास ठेवायची, आणि ते द्रावण चुकूनही थेट डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. चूक झाली तर डोळा भयंकर भाजल्यासारखा होतो. घाईगडबडीच्या घरात मी ही पद्धत सुचवत नाही.

ऑफिसातल्या चुरचुरीसाठी तिने टेबल एसीच्या झोतातून बाजूला घेतलं, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली केली आणि दुपारी दोनला व पाचला कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायला सुरुवात केली. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, आणि मिटतो त्याही अर्ध्याच. काजळ लावायचं असेल तर पापणीच्या बाहेरच्या बाजूने, आतल्या ओल्या कडेवर नाही.

घरी आल्यावर हात धुवायचे, लेन्स काढायची, आणि मगच तोंड धुवायचं. हा क्रम बदलायचा नाही. केसांत दिवसभराची धूळ आणि परागकण असतात, ते रात्री उशीवर उतरतात, म्हणून धुळीच्या दिवसांत झोपण्यापूर्वी केस धुवा किंवा निदान बांधून ठेवा. शिगम्याच्या मिरवणुकीला आणि रंगपंचमीला लेन्स घालूच नका. गुलाल लेन्समागे गेला तर तो धुऊन निघत नाही, ती लेन्स टाकूनच द्यावी लागते.

हे घरी करायचं नाही

खाज दुखत नाही. दुखायला लागलं की विषय बदलला. डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, लेन्स काढूनही धूसर दिसतं, पिवळट पू येतो किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, यातलं एक जरी असलं तरी ते धूळ नाही आणि अ‍ॅलर्जीही नाही. बुबुळावर जखम असू शकते, आणि लेन्स घालणाऱ्यांत ती एका दिवसात पसरू शकते. लेन्स लगेच काढा, कुठलेही थेंब न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. रात्र असेल तर बांबोळीला गोमेकॉत जा, सकाळची वाट बघू नका. काढलेली लेन्स टाकू नका. लेन्स आणि डबी तशीच बरोबर न्या, त्यातून जंतू कोणता ते तपासता येतं.

जूनमधली खाज

ती मुलगी एप्रिलपर्यंत ठीक होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आली, थोडी रडवेली होऊन. "ताई, आता तर पाऊस आहे, धूळ कुठेच नाही. तरी डोळे खाजतात." मी पुन्हा कागद दिला. या वेळी नोंद वेगळी होती. खाज सकाळी उठल्या उठल्या, लेन्स घालायच्या आधीच. ऑफिसात गेल्यावर कमी. रविवारी घरी असताना दिवसभर.

लेन्सचा यात हात नव्हता. पावसाळ्यात आपल्या घरांत दमट हवा भरून राहते, गाद्या-उशांत सूक्ष्म कीटक वाढतात आणि कपाटांमागच्या भिंतींवर बुरशी धरते. तिची उशी नऊ वर्षांची कापसाची होती आणि पलंग अशा भिंतीला टेकलेला होता जिच्यावर काळे ठिपके आले होते. उशी बदलली, पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला, अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला ६० अंश गरम पाण्यात धुवायला सुरुवात केली, कारण साध्या थंड पाण्यात ते कीटक मरत नाहीत. भिंत पुसताना तिला खोलीबाहेर थांबायला सांगितलं, ते काम वडिलांनी नाकाला रुमाल बांधून केलं. ओलोपॅटाडिन नेत्रतज्ज्ञांना विचारून पुन्हा महिनाभर चालू झालं.

ऑक्टोबरच्या शेवटी ती काहीही त्रास नसताना आली. पापणी उलटून पाहिली तेव्हा वरच्या कडेला चार-पाच दाणे उरले होते, तेही चपटे झालेले. स्कूटरच्या हेल्मेटला नवी काच होती. तिने विचारलं, "पणजीचे रस्ते पुन्हा खणायला लागलेत, थेंब आत्तापासून घालू का?" नेत्रतज्ज्ञांनी हो म्हटलं, धुळीचे दिवस सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून. नोव्हेंबरच्या कॅलेंडरवर तिने ती तारीख माझ्यासमोरच लिहून घेतली.